चार घरांचा तक्ता: सापेक्ष जोखीम आणि ऑड्स रेशो

सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक्रमात संख्याशास्त्राचे जे पहिले गृहपाठ असतात, त्यांत दोन ओळी आणि दोन रकान्यांचा तक्ता हमखास असतो. ओळींमध्ये माणसांचे दोन गट असतात: औषध मिळालेले आणि न मिळालेले, किंवा सिगारेट ओढणारे आणि न ओढणारे. रकान्यांमध्ये त्यांचे काय झाले ते असते: आजार झाला किंवा नाही, माणूस दगावला किंवा वाचला. या चार घरांतल्या चार संख्यांवरून सापेक्ष जोखीम आणि ऑड्स रेशो काढायला सांगितलेले असते. त्यासाठी लागणारे गणित गुणाकार-भागाकाराच्या पलीकडे जात नाही. तरीही या गृहपाठात चुका होतात, कारण त्या संख्या घरांत कोणत्या वाटेने आल्या हे तक्त्यावर लिहिलेले नसते आणि उत्तर मात्र त्या वाटेवरच अवलंबून असते.

ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९४८ साली प्रसिद्ध केलेली स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी या अभ्यासासाठी फार चांगली आहे. त्या काळी फुप्फुसाच्या क्षयावर अंथरुणात पूर्ण विश्रांती हाच मुख्य उपचार होता. स्ट्रेप्टोमायसिन नवे होते आणि ब्रिटनमध्ये त्याचा साठा इतका थोडा होता की सर्व रोग्यांना ते देणे शक्यच नव्हते. कोणाला औषध द्यायचे हे डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता यादृच्छिक संख्यांच्या आधारे ठरवले गेले आणि निर्णय बंद पाकिटांत ठेवला गेला. या योजनेमागे ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल हे संख्याशास्त्रज्ञ होते. ५५ रोग्यांना विश्रांतीबरोबर औषध मिळाले, ५२ जणांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांनंतरची स्थिती अशी होती:

| गट | दगावले | वाचले | एकूण |
|---|---|---|---|
| स्ट्रेप्टोमायसिन | ४ | ५१ | ५५ |
| फक्त विश्रांती | १४ | ३८ | ५२ |

जोखीम म्हणजे गटातल्या एकूण माणसांपैकी किती जणांच्या बाबतीत ती घटना घडली याचे प्रमाण. औषधाच्या गटात ती ४ भागिले ५५, म्हणजे ०.०७३ किंवा सुमारे ७ टक्के. विश्रांतीच्या गटात १४ भागिले ५२, म्हणजे ०.२६९ किंवा सुमारे २७ टक्के. पहिलीला दुसरीने भागले की ०.२७ येते. हीच सापेक्ष जोखीम. औषध मिळालेल्यांचा सहा महिन्यांतला मृत्यूचा धोका इतरांच्या धोक्याच्या जवळजवळ पाव पट होता, असा तिचा अर्थ. दोन्ही गटांची जोखीम सारखी असती तर उत्तर १ आले असते. १ पेक्षा कमी आले तर धोका घटला, जास्त आले तर वाढला.

या वाक्यातले ‘सहा महिन्यांतला’ हे शब्द गृहपाठाच्या उत्तरात बहुतेक वेळा गळून पडतात आणि ते गळले की वाक्याचा अर्थच राहत नाही. जोखमीला नेहमी मुदत असते. याच रोग्यांची पाच वर्षांनंतर पुन्हा मोजदाद झाली, तेव्हा औषधाच्या गटातले ३२ आणि विश्रांतीच्या गटातले ३५ जण दगावलेले होते. म्हणजे जोखीम ५८ टक्के आणि ६७ टक्के, आणि सापेक्ष जोखीम ०.८६. सहा महिन्यांत एवढा मोठा दिसलेला फायदा पाच वर्षांत बराचसा ओसरला होता. एकटे स्ट्रेप्टोमायसिन दिले की क्षयाचे जंतू त्याला दाद देईनासे होतात, हे त्यामागचे मोठे कारण. क्षयावर एकाच वेळी अनेक औषधे देण्याची पद्धत पुढे रूढ झाली ती याच अनुभवातून. रोगी तेच, औषध तेच, पण मुदत बदलली आणि ०.२७ चे ०.८६ झाले.

दुसरी गोष्ट रकान्यांची. घटना म्हणून मृत्यूऐवजी वाचणे मोजले तर औषधाच्या गटात ५१ भागिले ५५ म्हणजे ९३ टक्के आणि विश्रांतीच्या गटात ३८ भागिले ५२ म्हणजे ७३ टक्के येतात. त्यांचे गुणोत्तर १.२७. मृत्यूच्या बाजूने पाहिले की धोका पाऊण हिश्शाने घटलेला दिसतो, वाचण्याच्या बाजूने पाहिले की शक्यता पाव हिश्शाने वाढलेली दिसते. दोन्ही उत्तरे त्याच चार संख्यांची आहेत आणि दोन्ही खरी आहेत. ०.२७ चा व्यस्त मात्र १.२७ नाही, तो ३.७ आहे. म्हणून सापेक्ष जोखीम सांगताना ती कशाची जोखीम आहे हे सांगावेच लागते.

आता ऑड्स. जोखमीत घटना घडलेल्यांना एकूण संख्येने भागतात, तर ऑड्समध्ये घडलेल्यांना न घडलेल्यांच्या संख्येने भागतात. औषधाच्या गटात मृत्यूचे ऑड्स ४ भागिले ५१, म्हणजे ०.०७८, विश्रांतीच्या गटात १४ भागिले ३८, म्हणजे ०.३६८. यांचे गुणोत्तर ०.२१, हा ऑड्स रेशो. तो थेट काढण्याचीही एक रीत आहे: तक्त्यातल्या तिरप्या घरांचे गुणाकार करून एकाला दुसऱ्याने भागायचे. ४ गुणिले ३८ म्हणजे १५२, ५१ गुणिले १४ म्हणजे ७१४, आणि १५२ भागिले ७१४ पुन्हा ०.२१. रकाने उलटे करून वाचण्याचा ऑड्स रेशो काढला तर तो ४.७ येतो आणि तो ०.२१ चा बरोबर व्यस्त असतो. सापेक्ष जोखमीत न मिळणारी ही समतोल वागणूक ऑड्स रेशोत मिळते. संख्याशास्त्रज्ञांना तो प्रिय असण्याचे हे एक कारण आहे.

सहा महिन्यांच्या तक्त्यात ०.२७ आणि ०.२१ हे आकडे फार लांब नाहीत. पाच वर्षांच्या तक्त्यात मात्र अंतर वाढते. तेथे ऑड्स रेशो ३२ गुणिले १७ भागिले २३ गुणिले ३५, म्हणजे ०.६८ येतो, तर सापेक्ष जोखीम ०.८६ होती. अंतर वाढण्याचे कारण भाजकात आहे. घटना क्वचित घडते तेव्हा ‘न घडलेले’ आणि ‘एकूण’ या संख्या जवळजवळ सारख्याच असतात, म्हणून ऑड्स आणि जोखीम यांत फरक पडत नाही. निम्म्याहून अधिक माणसे दगावली की ‘न घडलेले’ फार थोडे उरतात, ऑड्स फुगतात आणि ऑड्स रेशो १ पासून सापेक्ष जोखमीपेक्षा जास्त दूर जातो. तो कमी असेल तर आणखी कमी दिसतो, जास्त असेल तर आणखी जास्त. या चाचणीत एक्स-रेमध्ये लक्षणीय सुधारणा दिसलेले रोगी ५५ पैकी २८ आणि ५२ पैकी ४ होते. त्यांची सापेक्ष जोखीम, खरे तर सुधारणेच्या प्रमाणांचे गुणोत्तर, ६.६ आहे आणि ऑड्स रेशो १२.४, म्हणजे जवळपास दुप्पट.

ऑड्स रेशो ‘इतक्या पट शक्यता’ असा वाचला की काय होते, हे १९९९ साली अमेरिकेत दिसले. एका अभ्यासात ७२० डॉक्टरांना छातीत दुखणाऱ्या रोग्यांच्या चित्रफिती दाखवल्या होत्या. त्यांत रोग्यांची भूमिका नटांनी केली होती. कोणाला हृदयाच्या कॅथेटर तपासणीसाठी पाठवावे, हे डॉक्टरांनी सांगायचे होते. गोऱ्या रोग्यांना ९०.६ टक्के वेळा आणि कृष्णवर्णीयांना ८४.७ टक्के वेळा ती तपासणी सुचवली गेली. ऑड्स रेशो ०.६ म्हणून छापला गेला आणि वृत्तपत्रांतून व दूरचित्रवाणीवर बातमी गेली की कृष्णवर्णीयांना तपासणीसाठी पाठवले जाण्याची शक्यता ४० टक्क्यांनी कमी आहे. प्रत्यक्षात ८४.७ भागिले ९०.६ म्हणजे ०.९३, शक्यता ७ टक्क्यांनी कमी होती. लिसा श्वार्ट्झ, स्टीव्हन वोलोशिन आणि गिल्बर्ट वेल्च यांनी त्याच वर्षी ही गल्लत उघड केली. डॉक्टरांच्या निर्णयात भेदभाव आहे का, हा प्रश्न अतिशय गंभीर आहे आणि म्हणूनच त्याचे मोजमाप ४० आणि ७ यांत गोंधळणारे असून चालत नाही. येथे कोणी खोटा आकडा दिला नव्हता. घटना दहापैकी नऊ वेळा घडणारी होती आणि ऑड्स रेशो जोखमीसारखा वाचला गेला, एवढ्यानेच हे घडले.

संगणकावर गृहपाठ करताना एक वेगळी अडचण येते. R या प्रणालीतल्या `epitools` या संचात `riskratio` नावाची आज्ञा आहे. स्ट्रेप्टोमायसिनचा तक्ता वर छापला तसाच तिला दिला तर तो असा लिहावा लागतो:

```
library(epitools)
m <- matrix(c(4, 51, 14, 38), nrow = 2, byrow = TRUE)
riskratio(m)
```

उत्तर ०.२७ येत नाही, ०.७९ येते. चूक आज्ञेची नाही. तिच्या रीतीप्रमाणे पहिली ओळ तुलनेच्या आधाराची, म्हणजे औषध न मिळालेल्यांची असते आणि पहिला रकाना घटना न घडलेल्यांचा असतो. पाठ्यपुस्तकी मांडणी नेमकी याच्या उलट असते. त्यामुळे या आज्ञेने विश्रांतीच्या गटाचे वाचण्याचे प्रमाण औषधाच्या गटाच्या वाचण्याच्या प्रमाणाने भागले: ७३ टक्के भागिले ९३ टक्के. ०.७९ हा आकडा दिसायला पटण्याजोगा असतो, म्हणून अशी चूक पकडली जात नाही. ऑड्स रेशो काढला असता तर तो ०.२१ च्या आसपास बरोबर आला असता, कारण ओळी आणि रकाने दोन्ही एकदम उलटे झाले तरी तिरप्या घरांच्या जोड्या त्याच राहतात. म्हणजे एक उत्तर पुस्तकाशी जुळते आणि दुसरे जुळत नाही, असे दिसले की तक्ता उलटा भरला गेल्याची शंका घ्यावी. त्याहून सोपी खात्री म्हणजे दोन्ही गटांची टक्केवारी आधी हाताने काढून ठेवणे. ७ आणि २७ हे आकडे समोर असताना ०.७९ कोणी स्वीकारणार नाही.

आतापर्यंतचे तक्ते पुढच्या दिशेने भरलेले होते: आधी गट ठरले, मग काय होते ते मोजले. उलट्या दिशेने भरलेल्या तक्त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरणही ब्रॅडफर्ड हिल यांच्याच कामातले आहे. रिचर्ड डॉल आणि हिल यांनी लंडनमधल्या २० रुग्णालयांतून फुप्फुसाच्या कर्करोगाचे रोगी घेतले आणि त्यांच्या जोडीला दुसऱ्या आजारांसाठी दाखल असलेले, त्याच वयोगटातले आणि त्याच लिंगाचे तितकेच रोगी घेतले. सर्वांना सिगारेटची सवय विचारली. वर्षभर तरी रोज किमान एक सिगारेट ओढणारा तो धूम्रपान करणारा, अशी व्याख्या केली. १९५० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आकड्यांत कर्करोगाच्या ६४९ पुरुषांपैकी ६४७ धूम्रपान करणारे होते आणि २ न करणारे. तुलनेच्या ६४९ पुरुषांत ६२२ करणारे आणि २७ न करणारे होते. अशा अभ्यासाला केस-कंट्रोल अभ्यास म्हणतात.

हा तक्ता हाती आला की विद्यार्थी सवयीने सापेक्ष जोखीम काढायला जातो. धूम्रपान करणारे एकूण १,२६९, त्यांत कर्करोगाचे ६४७, म्हणजे ५१ टक्के. न करणारे २९, त्यांत कर्करोगाचे २, म्हणजे ७ टक्के. गुणोत्तर ७.४. हे उत्तर चूक आहे आणि ते का चूक आहे हे ५१ टक्क्यांकडे पाहिले की कळते. लंडनमधल्या सिगारेट ओढणाऱ्या निम्म्या पुरुषांना कर्करोग झालेला नव्हता. तक्त्यात निम्मे रोगी आहेत कारण संशोधकांनीच एका रोग्यामागे एक निरोगी नव्हे, तर दुसऱ्या आजाराचा एक माणूस घेतला. हे प्रमाण त्यांनी ठरवलेले आहे, निसर्गाने नव्हे.

तुलनेची माणसे दुप्पट घेतली असती आणि त्यांतले सवयींचे प्रमाण तेच राहिले असते, तर आकडे १,२४४ आणि ५४ झाले असते. मग करणाऱ्यांतले ‘प्रमाण’ ३४ टक्के, न करणाऱ्यांतले ३.६ टक्के आणि गुणोत्तर ९.६ आले असते. दहापट घेतली असती तर ते १२.८ झाले असते. संशोधकाने किती माणसे गोळा केली यावर सिगारेटचा घातकपणा बदलू शकत नाही, म्हणून या आकड्यांपैकी एकही जोखमीचे गुणोत्तर नाही. ऑड्स रेशो मात्र तिन्ही वेळा तोच राहतो. ६४७ गुणिले २७ भागिले २ गुणिले ६२२, म्हणजे १४.०, तुलनेच्या दोन्ही घरांना दोनाने किंवा दहाने गुणले तरी तो गुणक वर आणि खाली सारखाच येतो आणि कटतो. केस-कंट्रोल अभ्यासात ऑड्स रेशोच का काढतात, याचे कारण इतके साधे आहे.

त्या फसव्या गुणोत्तरांची वाटचालही पाहण्यासारखी आहे: ७.४, ९.६, १२.८. तुलनेची माणसे वाढत जातील तसा तक्त्यातला कर्करोग दुर्मीळ होत जातो आणि गुणोत्तर १४ कडे सरकते. खऱ्या लोकसंख्येत फुप्फुसाचा कर्करोग दुर्मीळच असतो. म्हणून केस-कंट्रोल अभ्यासातला ऑड्स रेशो लोकसंख्येतल्या सापेक्ष जोखमीच्या जवळ असतो. जेरोम कॉर्नफील्ड या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञाने हे १९५१ साली मांडले. अट एकच: आजार ज्या लोकांतून आला त्यांच्यात तो दुर्मीळ असला पाहिजे आणि तुलनेची माणसे त्याच लोकांचे खरे प्रतिनिधित्व करणारी असली पाहिजेत. डॉल आणि हिल यांची तुलनेची माणसेही रुग्णालयातलीच होती. त्यांच्यापैकी काहींचे आजार तंबाखूशी संबंधित असतील, तर तुलनेच्या गटात धूम्रपान करणारे जास्त भरतात आणि ऑड्स रेशो खऱ्यापेक्षा कमी येतो. तक्त्याच्या चार संख्या ही उणीव दाखवत नाहीत. ती माणसे कशी निवडली हे वाचूनच कळते.

१४ हा आकडा किती भरवशाचा, हा पुढचा प्रश्न. त्यासाठी कॉन्फिडन्स इंटरव्हल काढतात, म्हणजे खरे मूल्य जेथे असणे आकड्यांशी सुसंगत आहे तो पट्टा. चारही संख्यांचे व्यस्त घेऊन बेरीज करायची: १/६४७, १/२, १/६२२ आणि १/२७ मिळून ०.५४. तिचे वर्गमूळ ०.७३५, त्याला १.९६ ने गुणले की १.४४. हे अंतर १४ च्या नैसर्गिक लॉगॅरिदमच्या, म्हणजे २.६४ च्या, दोन्ही बाजूंना मोजायचे आणि लॉगॅरिदममधून परत यायचे. पट्टा ३.३ पासून ५९ पर्यंत येतो. जवळजवळ तेराशे माणसे असूनही तो इतका रुंद आहे, कारण ०.५४ पैकी ०.५ एकट्या एका घरातून आले आहेत: धूम्रपान न करणाऱ्या दोन रोग्यांच्या. तक्त्याची नेमकेपणाची मर्यादा सर्वांत लहान घर ठरवते, एकूण बेरीज नव्हे. काटेकोरपणे पाहिले तर रोगी जोड्या लावून घेतले असल्यामुळे गणितही जोड्यांचे हवे, पण त्यासाठी प्रत्येक जोडीची माहिती लागते आणि चार घरांच्या तक्त्यात ती उरत नाही.

सापेक्ष जोखमीसाठी याच रीतीत थोडा बदल होतो: घटनांच्या संख्यांचे व्यस्त मिळवायचे आणि गटांच्या एकूण संख्यांचे व्यस्त वजा करायचे. स्ट्रेप्टोमायसिनच्या सहा महिन्यांच्या ०.२७ भोवती पट्टा ०.१० ते ०.७७ येतो. तो पूर्णपणे १ च्या खाली आहे. पाच वर्षांच्या ०.८६ भोवती तो ०.६४ ते १.१६ येतो आणि त्यात १ बसतो. म्हणजे पाच वर्षांनंतर औषधाचा फायदा उरला होता की नाही, हे केवळ या १०७ रोग्यांवरून ठामपणे म्हणता येत नाही.

धूम्रपानाची सापेक्ष जोखीम थेट मोजायची तर तक्ता पुढच्या दिशेनेच भरायला हवा होता. डॉल आणि हिल यांनी १९५१ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटनमधल्या नोंदणीकृत डॉक्टरांना पत्रे पाठवून त्यांच्या सवयी विचारल्या आणि मग मृत्यूंच्या नोंदींकडे लक्ष ठेवले. १९५४ साली त्यांनी पस्तिशी ओलांडलेल्या २४,३८९ पुरुष डॉक्टरांचे पहिले आकडे दिले. फुप्फुसाच्या कर्करोगाने ३६ मृत्यू झाले होते आणि धूम्रपान न करणाऱ्यांत एकही नव्हता. आता दोन्ही गटांचे एकूण आकडे हाती होते, पण एका घरात शून्य होते आणि शून्याने भागता येत नाही. अशा वेळी गृहपाठात चारही घरांत अर्धा मिळवून गुणोत्तर काढण्याची प्रथा आहे. त्यातून मिळणारा आकडा मिळवलेल्या अर्ध्यावर फार अवलंबून असतो, म्हणून तो वापरला असेल तर तसे सांगणे भाग असते. डॉल आणि हिल यांनी गुणोत्तराऐवजी दर हजारी वार्षिक मृत्युदर छापला: न ओढणाऱ्यांत ०.००, थोडे ओढणाऱ्यांत ०.४८, मध्यम ओढणाऱ्यांत ०.६७ आणि रोज २५ ग्रॅम किंवा अधिक तंबाखू ओढणाऱ्यांत १.१४.